होम लोन आहे म्हणून जुनी टॅक्स प्रणाली घ्यायची का? पगारदारांसाठी टप्प्याटप्प्याने हिशोब

दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि परत जूनमध्ये माझ्याकडे लोक सॅलरी स्लिप घेऊन येतात, आणि दहातले आठ जण बसायच्या आधीच सांगतात, "आपलं होम लोन आहे, म्हणजे आपल्याला जुनीच ना?" चूक इथूनच सुरू होते, कारण उत्तर आधी ठरवून मग हिशोब केला जातो, आणि तो हिशोबही चुकीच्या आकड्यांवर केला जातो.

हा लेख एकाच प्रकारच्या माणसासाठी आहे. पगार आहे, एका घराचं लोन चालू आहे, स्वतः त्याच घरात राहतो, आणि बाकी वजावटी फारशा नाहीत, म्हणजे थोडा पीएफ कापला जातो आणि बस. धंद्याचं उत्पन्न असणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी यावर जाऊ नका. सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ च्या पगाराचे आहेत.

उदाहरणाला आमच्या दाजींचा हिशोब घेतो, त्यांना विचारूनच. दाजी चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला आहेत, जुळे सोलापूरमध्ये तयार फ्लॅट घेतला, ३० लाखाचं लोन, ८.५ टक्के व्याज, २० वर्षं. मार्च २०२५ मध्ये खरेदीखत झालं, ताबा मिळाला, आणि एप्रिल २०२५ पासून महिन्याला २६,०३५ रुपये हप्ता सुरू झाला.

## टप्पा १: कागद आधी, कॅल्क्युलेटर नंतर

मोबाईलवर कुठलंतरी कॅल्क्युलेटर उघडून आठवणीतले आकडे टाकू नका. आधी हे चार कागद समोर ठेवा.

१. मार्चची सॅलरी स्लिप किंवा फॉर्म १६ चा भाग ब. वर्षभराचा ग्रॉस पगार, बेसिक, एचआरए, कापलेला पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स यातच सापडतो.

२. बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट, ज्यात वर्षभरात भरलेलं व्याज वेगळं आणि मुद्दल वेगळं दाखवलेलं असतं. जानेवारीत ऑफिसला देण्यासाठी बँक जे देते ते अंदाजाचं असतं, उरलेले हप्ते भरले जातील असं धरून केलेलं. रिटर्न भरताना ३१ मार्चनंतर निघालेलं पक्कं सर्टिफिकेट घ्या, कारण मध्येच तुम्ही लोनमध्ये जादा पैसे भरले असतील किंवा व्याजदर बदलला असेल तर दोन्हीत फरक पडतो.

३. लोनचं मंजुरीपत्र. मंजुरीची तारीख पुढे एका ठिकाणी लागणार आहे.

४. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरून एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती पत्रक. बचत खात्याचं आणि एफडीचं व्याज लोक विसरतात, ते यात दिसतं.

तपासून बघा: सर्टिफिकेटवर व्याज अधिक मुद्दल ही बेरीज वर्षभरात खात्यातून गेलेल्या हप्त्यांएवढी येते का? दाजींचे बारा हप्ते मिळून ३,१२,४२० रुपये. त्यात व्याज २,५२,७०० आणि मुद्दल ५९,७०० च्या आसपास, बेरीज जुळते. पहिल्या वर्षी हप्त्यातला फार मोठा भाग व्याजातच जातो, त्यामुळे मुद्दल एवढं कमी दिसलं तर घाबरू नका.

## टप्पा २: पॅकेज नाही, ग्रॉस पगार धरा

दाजी म्हणाले माझं पॅकेज १५ लाख. बरोबर आहे, ऑफर लेटरवर तसंच आहे, पण त्यात कंपनीने भरायचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही धरलेली आहे, आणि ती रक्कम पगार म्हणून त्यांच्या हातात येतच नाही. स्लिपवर महिन्याचा ग्रॉस १,२०,००० आहे, म्हणजे वर्षाचे १४,४०,०००. टॅक्सचा हिशोब या आकड्यावर करायचा. बेसिक ६०,००० आहे, एचआरए २४,००० आहे, पीएफ महिन्याला १,८०० कापला जातो.

याच्यात एफडीचं व्याज, बचत खात्याचं व्याज असेल ते मिळवा. दाजींचं नगण्य आहे म्हणून मी सोडतो, तुम्ही सोडू नका.

## टप्पा ३: पहिली चाळणी, १२ लाख ७५ हजार

नव्या प्रणालीत पगारदाराला ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन मिळते, आणि त्यानंतर उरलेलं करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए च्या सवलतीमुळे टॅक्स शून्य होतो. म्हणजे नुसता पगार १२,७५,००० पर्यंत असेल तर इथेच थांबा. नव्यात शून्य आहे, जुन्यात शून्याच्या खाली काही जात नाही, त्यामुळे होम लोन असो नसो, एलआयसी असो नसो, पुढचा हिशोब करायची गरजच नाही.

सोलापुरात माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण या चाळणीतच मोकळे होतात, आणि तरीही त्यांनी ऑफिसला जुनी प्रणाली लिहून दिलेली असते, कारण पाच वर्षांपूर्वी तसं लिहून दिलं होतं आणि दर वर्षी तेच पुढे चालू राहिलं. ९-१० लाख पगारावर असे पैसे कापले गेलेले बघितले की वाईट वाटतं.

थांबा, इथे दोन खड्डे आहेत. पगार बरोबर १२,७५,००० आणि वर एफडीचं २०,००० व्याज असेल तर करपात्र उत्पन्न १२,२०,००० होतं आणि शून्य राहत नाही. पण लगेच साठ हजारांचा टॅक्सही लागत नाही, सीमांत सवलत मिळते, म्हणजे १२ लाखांच्या वर जेवढं गेलं तेवढाच टॅक्स, इथे २०,००० आणि त्यावर ४ टक्के सेस, मिळून २०,८००. ही सवलत साधारण १२,७०,५०० करपात्र उत्पन्नापर्यंत कामाला येते. आणि दुसरं म्हणजे शेअर विकून झालेल्या नफ्यासारखं वेगळ्या दराने टॅक्स लागणारं उत्पन्न असेल तर त्यावरच्या टॅक्सला नव्या प्रणालीत ८७ए ची सवलत लागत नाही, तो भरावाच लागतो.

## टप्पा ४: नव्या प्रणालीचा टॅक्स काढा

हा टप्पा सोपा आहे म्हणून आधी करायचा. ग्रॉसमधून ७५,००० वजा करा आणि स्लॅब लावा.

- ४ लाखांपर्यंत शून्य
- ४ ते ८ लाख ५ टक्के
- ८ ते १२ लाख १० टक्के
- १२ ते १६ लाख १५ टक्के
- १६ ते २० लाख २० टक्के
- २० ते २४ लाख २५ टक्के
- २४ लाखांच्या वर ३० टक्के

दाजींचे १४,४०,००० वजा ७५,००० म्हणजे १३,६५,०००. पहिल्या ४ लाखांवर काही नाही, पुढच्या चारवर २०,०००, त्यापुढच्या चारवर ४०,०००, आणि वरच्या १,६५,००० वर १५ टक्क्यांनी २४,७५०. एकूण ८४,७५०, त्यावर ४ टक्के सेस ३,३९०, म्हणजे ८८,१४०.

राहत्या घराच्या लोनचं व्याज, ८०सी, मेडिक्लेम, प्रोफेशनल टॅक्स, एचआरए यातलं काहीही इथे वजा होत नाही. लोक सवयीने प्रोफेशनल टॅक्सचे २,५०० तरी वजा करतात, तेही करू नका.

## टप्पा ५: जुन्या प्रणालीच्या वजावटी, एक एक करून

सगळ्यात जास्त गडबड या टप्प्यावर होते, म्हणून सावकाश.

दाजींनी स्वतः वहीत केलेला हिशोब असा होता: हप्ते ३,१२,४२० वजा, ८०सी चे दीड लाख वजा, स्टँडर्ड ५०,००० वजा, म्हणजे ५ लाख १२ हजार वजावट. ऐकायला भारी वाटतं, पण यात दोन चुका आहेत आणि दोन्ही होम लोनवाले नेहमी करतात.

पहिली चूक, पूर्ण हप्ता व्याज म्हणून धरणे. हप्त्याचे दोन भाग होतात आणि ते दोन वेगळ्या कलमांत जातात. व्याज जातं कलम २४बी मध्ये, आणि राहत्या घरासाठी तिथे २ लाखांची मर्यादा आहे. दाजींचं व्याज २,५२,७०० असलं तरी वजा होणार फक्त २,००,०००, वरचे ५२,७०० वाया जातात, पुढच्या वर्षी ढकलताही येत नाहीत.

दुसरी चूक, ८०सी चे दीड लाख आपोआप मिळतात असं समजणे. दीड लाख ही मर्यादा आहे, तेवढे पैसे खरंच भरलेले असावे लागतात. दाजींचं मुद्दल ५९,७०० आणि पीएफ वर्षाचा २१,६००, झाले ८१,३००. बाकी एलआयसी नाही, पीपीएफ नाही, पोरगी अजून शाळेत जात नाही म्हणून फीही नाही. मग ८१,३०० च धरायचे. आणि कंपनीने तिच्या बाजूने भरलेला पीएफ यात मिळवायचा नाही, फक्त आपल्या पगारातून कापलेला.

दाजींनी आणखी विचारलं, स्टँप ड्यूटी आणि रजिस्ट्रेशनचे पैसे ८०सी मध्ये येतात ना. येतात, पण ज्या वर्षी भरले त्याच वर्षी, आणि त्याच दीड लाखाच्या आत. खरेदीखत मार्च २०२५ मध्ये झालं, म्हणजे ते २०२४-२५ च्या खात्यात गेलं, या वर्षी नाही.

एचआरएचं काय? स्लिपमध्ये दर महिन्याला २४,००० एचआरए दिसतो म्हणून तो सूट मिळाला असं होत नाही. दाजी स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतात, भाडं भरत नाहीत, त्यामुळे पूर्ण एचआरए करपात्र आहे. खोट्या भाडेपावत्या जोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, भाडं वर्षाला एक लाखाच्या वर दाखवलं की ऑफिस घरमालकाचा पॅन मागतं आणि मग तो आकडा घरमालकाच्या रिटर्नशी ताडून बघता येतो.

आता मंजुरीपत्रावरची तारीख बघा. लोन १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झालेलं असेल, घराची स्टँप ड्यूटीची किंमत ४५ लाखांपर्यंत असेल आणि मंजुरीच्या दिवशी तुमच्या नावावर दुसरं घर नसेल तर कलम ८०ईईए मध्ये २ लाखांच्या वरच्या व्याजासाठी आणखी दीड लाखांपर्यंत वजावट मिळू शकते. ही नवीन लोनला नाही. मिळाली असती तरी दाजींना ५२,७०० च मिळाले असते, कारण तेवढंच व्याज वर उरतं.

आता दाजींच्या खऱ्या वजावटी:

- स्टँडर्ड डिडक्शन ५०,००० (जुन्यात पन्नास, नव्यात पंच्याहत्तर, हे उलटसुलट होऊ देऊ नका)
- प्रोफेशनल टॅक्स २,५००
- व्याज २,००,०००
- ८०सी ८१,३००

बेरीज ३,३३,८००. वहीत होते ५ लाख १२ हजार, खरे निघाले ३ लाख ३४ हजार. निर्णय कुठे चुकतो ते या फरकात दिसतं.

तपासून बघा: ताबा मिळालाय का? फ्लॅट अजून बांधकामात असेल तर त्या वर्षाच्या व्याजाची वजावट मिळत नाही, हप्ते जात असले तरी. बांधकाम पूर्ण झाल्यावर त्याआधीचं व्याज पाच समान भागांत पाच वर्षं घेता येतं, पण तेसुद्धा त्याच २ लाखांच्या मर्यादेत. आणि लोन घेतलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण झालं नाही तर मर्यादा २ लाखांवरून ३०,००० वर येते. होटगी रोडला किंवा विजापूर रोडला बुकिंग करून थांबलेल्यांनी हे आधी बघा, मग बाकीचं.

## टप्पा ६: जुन्या प्रणालीचा टॅक्स काढा

जुने स्लॅब तेच आहेत. अडीच लाखांपर्यंत शून्य, अडीच ते पाच लाख ५ टक्के, पाच ते दहा लाख २० टक्के, दहाच्या वर ३० टक्के.

१४,४०,००० वजा ३,३३,८०० म्हणजे ११,०६,२००. पाच लाखांपर्यंत १२,५००, पुढच्या पाच लाखांवर १,००,०००, आणि वरच्या १,०६,२०० वर ३१,८६०. एकूण १,४४,३६०, सेस धरून १,५०,१३०.

नव्यात ८८,१४०, जुन्यात १,५०,१३०. दाजी जुन्यात राहिले असते तर ६१,९९० रुपये जास्त गेले असते, म्हणजे जवळजवळ अडीच हप्ते.

सेस एका बाजूला लावून दुसऱ्या बाजूला विसरणे ही साधी चूक आहे पण होते, दोन्हीकडे लावलाय का बघून घ्या.

## टप्पा ७: उलटा हिशोब, जुनी जिंकायला किती वजावट लागेल?

इथपर्यंत आलेला माणूस म्हणतो, मग मी आणखी गुंतवणूक करतो, जुनी फायद्यात येईल. म्हणून हा टप्पा. नव्यात जेवढा टॅक्स लागतो तेवढाच जुन्यात लागण्यासाठी करपात्र उत्पन्न किती खाली आणावं लागेल ते काढायचं.

दाजींचा नव्यातला टॅक्स सेस सोडून ८४,७५०. जुन्यात पाच लाखांपर्यंत १२,५०० जातात, उरले ७२,२५०. ते २० टक्के दराने म्हणजे ३,६१,२५० रुपयांवरचा टॅक्स झाला. म्हणजे जुन्यात करपात्र उत्पन्न ८,६१,२५० हवं. १४,४०,००० मधून हे वजा करा, ५,७८,७५० एवढी एकूण वजावट लागते. हातात आहे ३,३३,८००. कमी पडतात २,४४,९५०.

आता भरून बघू. ८०सी पूर्ण दीड लाख केलं तर ६८,७०० वाढतात. कुटुंबाचा मेडिक्लेम घेतला तर ८०डी मध्ये २५,०००. स्वतः एनपीएसमध्ये ५०,००० टाकले तर ते वेगळे. मिळून १,४३,७०० खिशातून गेले, वजावट झाली ४,७७,५००, आणि टॅक्स आला १,०९,२००. अजूनही नव्यापेक्षा २१,०६० रुपये जास्त. वाचवायच्या नादात जवळजवळ दीड लाख अडकवले आणि तरी टॅक्स जास्तच.

हे दाजींच्या पगारापुरतं नाही. मी वेगवेगळे पगार घालून हा उलटा हिशोब केला आहे. ग्रॉस १६ लाख असेल तर ६,१८,७५० वजावट लागते, २० लाख असेल तर साधारण ७,५८,३००, आणि २४,७५,००० ला ८,५०,०००. १२,७५,००० च्या वर सगळ्यात कमी वजावट लागते ती साडेतेरा लाखांच्या थोडं अलीकडे, आणि तिथेही साधारण ५ लाख ५५ हजार लागतात.

दुसऱ्या बाजूला, स्वतःच्या घरात राहणाऱ्या माणसाने सगळं ठासून भरलं तर किती होतं? स्टँडर्ड ५०,०००, प्रोफेशनल टॅक्स २,५००, व्याज २ लाख, ८०सी दीड लाख, एनपीएस ५०,०००, आणि स्वतःचा नि ज्येष्ठ आईवडिलांचा मेडिक्लेम मिळून ७५,०००. बेरीज ५,२७,५००. म्हणजे जिथे सगळ्यात कमी लागते तिथेही पोचत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एकच घर, त्यातच राहता, ८०ईईए नाही, भाड्याचा एचआरए नाही, अपंग व्यक्तीची जबाबदारी किंवा शैक्षणिक कर्जाचं व्याज यासारखी मोठी वेगळी वजावट नाही, तर पगार कितीही असला तरी नवीच घ्या. होम लोन एकटं जुनीला वर ओढू शकत नाही, सोबत दुसरी मोठी वजावट लागते.

## टप्पा ८: तुमची परिस्थिती यातली आहे का?

घर सोलापुरात, नोकरी आणि भाड्याची खोली पुण्यात. सोलापूरच्या घराघरात अशी एक तरी केस आहे. दाजींचा धाकटा भाऊ असाच, समजायला सोपं पडावं म्हणून पगार आणि लोन तेच धरतो. फ्लॅटमध्ये आईवडील राहतात, तो पुण्यात २०,००० भाडं भरतो. जुन्यात त्याला व्याजही मिळतं आणि एचआरएही, दोन्ही एकत्र घेता येत नाहीत हा समज चुकीचा आहे. एचआरएची सूट तीन आकड्यांतला सगळ्यात लहान: मिळालेला एचआरए २,८८,०००, बेसिकच्या ४० टक्के (पुणे या वर्षासाठी ४० टक्क्यांतच येतं) म्हणजे २,८८,०००, आणि भाड्यातून बेसिकचे १० टक्के वजा करून २,४०,००० वजा ७२,००० म्हणजे १,६८,०००. मिळणार १,६८,०००.

एकूण वजावट ५,०१,८००, लागते ५,७८,७५०. टॅक्स जुन्यात १,०४,१५० च्या आसपास, नव्यात ८८,१४०. म्हणजे एचआरए धरूनही नवी पुढे. भाडं ३०,००० असतं तर सूट २,८८,००० झाली असती आणि जुनी साधारण ९,००० रुपयांनी जिंकली असती. म्हणजे या गटात आधी ठरवून काही बोलता येत नाही, प्रत्येकाने टप्पा ७ चा उलटा हिशोब करायचाच.

सोलापूरचा फ्लॅट भाड्याने दिलाय. महिन्याला ८,००० भाडं, वर्षाचे ९६,०००, त्यातून ३० टक्के वजा होऊन ६७,२००, आणि त्यातून व्याज २,५२,७०० वजा केलं तर १,८५,५०० चा तोटा. जुन्यात हा तोटा पगारातून वजा होतो, वर्षाला २ लाखांपर्यंत. नव्यात व्याज वजा होतं पण भाड्यापुरतंच, तोटा पगारातून जात नाही. नव्यात भाड्यावर जादा टॅक्स पडेल अशी भीती असते, ती या केसमध्ये खरी नाही, व्याज जास्त असल्यामुळे भाडं शून्य होतं.

नवराबायको दोघांच्या नावावर. दोघंही घराचे मालक, दोघंही कर्जदार आणि दोघंही हप्ता भरत असतील तर प्रत्येकाला २ लाखांची वेगळी मर्यादा. पण व्याज आपापल्या वाट्यानेच वाटायचं, ज्याचा टॅक्स जास्त त्याच्या नावावर सगळं टाकायचं असं नाही. दोघांचा हिशोब वेगळा, दोघांची प्रणालीही वेगळी असू शकते.

कंपनी एनपीएस देते का, एचआरला विचारा. नव्या प्रणालीत टिकून राहिलेली ही खरी कामाची वजावट आहे. कंपनीने तुमच्या एनपीएस खात्यात बेसिक आणि डीएच्या १४ टक्क्यांपर्यंत भरलं तर ते वजा होतं. दाजींच्या पगारातून रचना बदलून असे १,००,८०० गेले तर करपात्र उत्पन्न १२,६४,२०० होतं, सीमांत सवलतीच्या पट्ट्यात, आणि टॅक्स ८८,१४० वरून साधारण ६६,७७० वर येतो. पैसे कंपनीमार्फतच गेले पाहिजेत, आपण स्वतः भरले तर नव्यात काही मिळत नाही. आणि हे निवृत्तीचे पैसे आहेत, हप्ता ओढताना हात तंग असेल तर २१ हजार वाचवायला लाखभर अडकवू नका.

## टप्पा ९: ऑफिसला सांगणे आणि रिटर्न भरणे

ऑफिसला एप्रिलमध्ये जी प्रणाली लिहून देता ती फक्त दर महिन्याचा टीडीएस कापण्यासाठी असते. काही लिहून दिलं नाही तर नवीच धरतात. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला रिटर्न भरताना दर वर्षी नव्याने निवडता येतं, ऑफिसात जुनी सांगितली होती म्हणून रिटर्नमध्येही जुनीच, असं बंधन नाही. जुनीप्रमाणे जास्त कापलं गेलं असेल तर रिटर्नमध्ये नवी घेतल्यावर फरक रिफंड म्हणून येतो.

रिटर्नच्या फॉर्ममध्ये प्रश्न उलटा विचारलेला आहे, तुम्हाला नव्या प्रणालीतून बाहेर पडायचंय का? "हो" म्हणजे जुनी, "नाही" म्हणजे नवी. घाईत "हो" दाबून बसलेले मी बघितलेत, त्यांना वाटलं आपण नवी घेतोय. उत्तर दिल्यावर शेवटच्या पानावरचा टॅक्सचा आकडा आपल्या कागदावरच्या आकड्याशी जुळतो का बघा, दहा-वीस रुपयांचा फरक चालेल, हजारांचा असेल तर मागे जा.

तारीख सांभाळा. जुनी घ्यायची असेल तर रिटर्न मुदतीच्या आतच भरावं लागतं, पगारदारासाठी ती ३१ जुलै, सरकारने वाढवली तर तेवढी. मुदत उलटल्यावर उशिराचं रिटर्न भरता येतं पण त्यात जुनी निवडता येत नाही. वर सांगितलेल्या पुण्यातल्या जास्त भाडेवाल्या केससारखं तुमचं असेल तर एका दिवसाच्या उशिरानेही तो फायदा जातो.

जुनी घेणाऱ्यांना व्याजाच्या वजावटीसाठी आता बँकेचं नाव, लोन खाते नंबर, मंजुरीची तारीख, एकूण लोन आणि ३१ मार्चला राहिलेली बाकी भरावी लागते, म्हणून मंजुरीपत्र आणि सर्टिफिकेट जवळ घेऊनच बसा. आणि भरून झाल्यावर ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा, नाहीतर ते मुदतीत भरलेलं धरलं जात नाही.

दाजींनी या एप्रिलमध्ये ऑफिसला नवी लिहून दिली. महिन्याला टीडीएस जवळजवळ पाच हजारांनी कमी झालाय आणि ते पैसे ते लोनमध्येच जादा भरतायत, कारण नव्या प्रणालीत व्याजावर टॅक्सचा काही फायदा नाही, त्यामुळे साडेआठ टक्क्यांचं व्याज जेवढं लवकर कमी होईल तेवढं त्यांचं पूर्ण वाचतं.